आच किती, त्यावर उडवणं किती: एग फ्राइड राइसचा उष्णतेचा हिशेब

नाशिकच्या कॉलेज रोडवर संध्याकाळी चायनीजच्या गाडीसमोर उभं राहिलं की पहिल्यांदा नजर जाते ती भात उडवणाऱ्या हाताकडे. कढई पुढे सरकते, मागे येते, भाताची लाट उठते आणि परत कढईत पडते. घरी फ्राइड राइस करणारे बहुतेक जण हेच उचलतात. घरच्या शेगडीवर कढई उचलून तसाच भात उडवतात आणि हाती येतो ओलसर, थोडा गिजका भात. मग दोष तांदळाला जातो किंवा सॉसला. माझ्या मते खरी गफलत दुसरीच आहे. भात किती वेळा उडवायचा हे आच ठरवते, आणि घरची आच गाडीवरच्या आचेच्या जवळपासही नसते.

आधी गाडीवर काय चालतं ते पाहू. जॉर्जिया टेक या अमेरिकी विद्यापीठातले हंगटँग को आणि डेव्हिड हू यांनी तैवान आणि चीनमधल्या हॉटेलांत पाच आचाऱ्यांचं चित्रीकरण करून या हालचालीचा अभ्यास केला आणि तो २०२० मध्ये प्रसिद्ध केला. आचारी सेकंदाला सुमारे तीन वेळा भात उडवत होते. लांबून कढई हवेत उचलल्यासारखी दिसते, पण ती शेगडीच्या कडेवर टेकलेलीच असते. एकीकडे ती मागेपुढे सरकते आणि त्याच वेळी कडेवर झोके घेते. या दोन हालचाली किंचित आगेमागे होतात, त्यामुळे तळाचा भात वर फेकला जातो आणि नवा भात तळाशी येतो.

एवढी घाई करावी लागते, कारण तिथला बर्नर घरच्या मोठ्या बर्नरच्या सात-आठपट उष्णता देऊ शकतो. इतक्या तापलेल्या लोखंडावर दाणा चार-पाच सेकंद एका जागी राहिला तर करपतो. उडवल्यामुळे तो क्षणभर लोखंडाला टेकतो, भाजतो आणि हवेत जातो. हवेत त्याच्या अंगावरची वाफ निघून जाते. खाली आला की पुन्हा भाजतो. ज्वाळा कडेपर्यंत येत असल्याने उडालेल्या तेलाचे बारीक थेंब पेट घेतात, आणि गाडीवरच्या भाताला येणारा तो धुरकट वास बराचसा त्यातून येतो.

आता घरचं गणित मांडू. आकडे ढोबळ आहेत, पण निष्कर्ष बदलत नाही. मोठा बर्नर साधारण तीन किलोवॅटचा धरू. त्यातली निम्मी उष्णता कढईत शिरते असं मानलं तर सेकंदाला दीड किलोज्यूल मिळतात. सव्वा किलोच्या आतबाहेरची लोखंडी कढई २८० अंशांपर्यंत तापवायला सुमारे १३५ किलोज्यूल लागतात, म्हणजे मोठ्या आचेवर दीड-दोन मिनिटं. तिच्यात फ्रिजमधला ४०० ग्रॅम भात, म्हणजे दोन माणसांचा, एकदम टाकला. तो भात ८ अंशांवरून ८० अंशांवर नेण्यासाठी जवळजवळ १०० किलोज्यूल लागतात आणि तो ते कढईतूनच ओढून घेतो. कढई १८० अंशांनी उतरून १०० अंशांपाशी येते. खालून ज्योत उष्णता पुरवत असते हे खरं, पण वीस सेकंदांत ती देणार फक्त ३० किलोज्यूल. १०० अंशांच्या कढईत भात परतला जात नाही, वाफवला जातो. दाण्याला खमंगपणा देणारी, बदामी रंग आणणारी प्रक्रिया १४० अंशांच्या पुढे वेग घेते, आणि दाण्यावर पाणी आहे तोवर त्याचा पृष्ठभाग १०० अंशांच्या वर जातच नाही.

हाच भात २०० ग्रॅमच्या दोन वेळा केला तर? ५० किलोज्यूल जातात, कढई ९० अंशांनी उतरून १९० वर थांबते. अजून तिच्यात भाजण्याइतका दम असतो. म्हणून घरी एका वेळी एकाच माणसाचा भात करावा. या एका बदलाने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही सॉसने पडत नाही.

शिळ्या भाताचं महत्त्वही याच हिशेबात येतं. आपल्याकडे फोडणीच्या भाताला कालचा भात घेतात तो याच कारणाने: दाणा सुटा राहतो. भात शिजतो तेव्हा तांदळातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि त्याची घट्ट रचना मोडते. थंड होताना स्टार्चचे लांब रेणू पुन्हा एकमेकांना बिलगतात आणि दाणा कडक होतो. स्टार्चमधला अमायलोज हा सरळ साखळीचा भाग काही तासांत आवळतो. अमायलोपेक्टिन या फांद्याफांद्यांच्या भागाला दिवस लागतात. फ्रिजच्या तापमानाला, म्हणजे ४ अंशांच्या आसपास, हे चांगल्या वेगाने होतं. असा कडक दाणा कलथ्याखाली मोडत नाही.

पण कडकपणाइतकंच, किंबहुना थोडं जास्तच, महत्त्व दाण्याच्या कोरड्या पृष्ठभागाला आहे. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सव्वादोन किलोज्यूल लागतात. शिजलेला गरम भात परातीत पसरून पंख्याखाली ठेवला तर त्याची उष्णता बरीचशी वाफेच्या रूपाने जाते. ४०० ग्रॅम भात नाशिकमध्ये ९८ अंशांवरून (शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच असल्याने इथे पाणी १०० च्या थोडं आधीच उकळतं) ३० अंशांवर येताना निम्मी उष्णता जरी अशी गेली, तरी जवळपास २० ग्रॅम पाणी फुकटात उडतं. तेवढंच पाणी नंतर कढईत उडवायचं तर ज्योतीला अर्धं मिनिट त्यासाठीच खर्चावं लागेल. याची दुसरी बाजू अशी की भात गरम असतानाच डब्यात भरून झाकण लावलं तर ती वाफ झाकणाला लागून परत दाण्यांवर पडते. असा भात कालचा असला तरी ओलाच राहतो.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. तांदळात बॅसिलस सिरिअस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. भात शिजवताना ते मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि उलट्या करवणारं विष तयार करतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही. दुसऱ्या दिवशी कितीही कडक आचेवर परतलं तरी ते तसंच राहतं. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये चायनीज हॉटेलांच्या फ्राइड राइसमधून विषबाधा झाल्या, त्यामागे शिजवलेला भात तासन्‌तास बाहेर ठेवण्याची सवय होती. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा ओट्यावर रात्रभर ठेवलेला भात वापरूच नये. डिसेंबरात बाहेर हुडहुडी भरते, पण बंद स्वयंपाकघर जिवाणू थांबण्याइतकं थंड नसतं. भात पसरून तासाभरात फ्रिजमध्ये गेला पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी संपला पाहिजे. वास चांगला येतोय म्हणजे भात चांगला आहे असं नाही, या विषाला वास नसतो.

आता प्रत्यक्ष कृती, एका घाण्याची. भात दहा-पंधरा मिनिटं आधी बाहेर काढून ओल्या हाताने गुठळ्या फोडून ठेवायच्या. हात फक्त ओलसर हवा, पाणी निथळणारा नको. अंडं फेटून, लसूण आणि पातीचा कांदा चिरून हाताशी ठेवायचा, कारण नंतर चिरायला वेळ नसतो. रिकामी लोखंडी कढई मोठ्या आचेवर तापवायची. पाण्याचा थेंब टाकला आणि तो चुर्र होऊन लगेच उडाला, तर अजून थांबायचं. थेंब पाऱ्यासारखा गोळा होऊन तळावर घरंगळू लागला की लोखंड २०० च्या बऱ्यापैकी वर गेलं. थेंबाखालीच वाफेची गादी तयार होते आणि तो तिच्यावर तरंगतो. नॉनस्टिक भांडं असं रिकामं तापवू नये. २६० अंशांच्या वर त्याचा लेप विघटित होऊ लागतो आणि त्याचा धूर घातक असतो.

दोन चमचे रिफाइंड शेंगदाणा तेल घालायचं, ते कढईभर फिरवायचं आणि लगेच अंडं ओतायचं. अंड्यात तीन-चतुर्थांश पाणी असतं. त्या पाण्याची एकदम वाफ होते आणि अंडं फुलतं. आच मंद असेल तर ते फुलत नाही, चिवट पापुद्रा होतो. वीस सेकंदांत, वरून थोडं ओलसर असतानाच, ते ताटलीत काढून घ्यायचं. अंड्यानेही कढईची उष्णता घेतलेली असते, म्हणून अर्धा-पाऊण मिनिट तिला परत तापू द्यायचं.

मग थोडं तेल, पाच सेकंद लसूण आणि लगेच भात. भात पसरायचा आणि हात थांबवायचा. गाडीवरच्या रीतीपेक्षा घरची रीत इथे वेगळी होते. पंधरा ते वीस सेकंद कढईला हात लावायचा नाही. भात हवेत असताना त्याला लोखंडाची उष्णता मिळत नाही. कढई ज्योतीवरून उचलली तर लोखंडालाही मिळत नाही. घरच्या तुटपुंज्या आचेवर हे दोन्ही तोटे परवडत नाहीत. पंधरा-वीस सेकंदांनी कलथा तळापर्यंत घालून भात तीन-चार वेळा उलटायचा, पुन्हा पसरायचा, पुन्हा थांबायचं. असे चार फेरे झाले की सव्वा-दीड मिनिटात भात होतो. उडवायचंच असेल तर शेवटी एक-दोनदा, सॉस आणि अंडं मिसळण्यापुरतं.

बरोबर चाललंय का हे कानाने कळतं. सतत तडतड ऐकू येत असेल आणि तळाचे काही दाणे टणाटण उडत असतील, तर कढई पुरेशी तापलेली आहे. आवाज बसला, फदफद झाली आणि दाट पांढरी वाफ निघत राहिली, तर तळाशी पाणी साचलंय. अशा वेळी जोरजोरात हलवून उपयोग नाही. थोडा भात काढून घ्यायचा, उरलेला पसरून अर्धं मिनिट तसाच ठेवायचा. उलट करपल्याचा वास येऊ लागला तर थांबायचे सेकंद निम्मे करायचे, आच तशीच ठेवायची.

सोया सॉस एक छोटा चमचा, आणि तो भातावर न ओतता कढईच्या मोकळ्या कडेवर. तिथे त्यातलं पाणी क्षणात उडतं आणि उरलेला भाग भाजून खमंग होतो. मग अंडं, पातीचा कांदा, मीठ चाखून. दुसरा घाणा घालण्याआधी कढई पुन्हा थेंब घरंगळेपर्यंत तापवायची.

घरी गाडीसारखी ज्वाळा मिळावी म्हणून काही जण सिलिंडरला हाय प्रेशर रेग्युलेटर लावतात. तसं करू नये. घरची शेगडी आणि नळी त्या दाबासाठी बनवलेली नसते. धुरकट वास घरी पूर्ण येणार नाही हे मान्य करावं. सुटा आणि खमंग दाणा मात्र नक्की येतो.

तांदूळ कोणता, हा प्रश्न इथे हमखास येतो, कारण इगतपुरी-घोटीकडचा इंद्रायणी बऱ्याच घरांत असतो. वरण-भाताला तो उत्तम, पण फ्राइड राइसला अवघड. अशा मऊ-चिकट जातींत सहसा अमायलोपेक्टिनचा वाटा मोठा असतो, म्हणून रात्रभर फ्रिजमध्ये राहूनही दाणा म्हणावा तसा आवळत नाही. कोलम किंवा बासमतीने काम सोपं होतं. घरात इंद्रायणीच असेल तर तो पाणी निवळेपर्यंत तीन-चारदा धुवायचा, पाणी रोजच्यापेक्षा थोडं कमी घालायचं, पंख्याखाली जरा जास्त वेळ पसरायचा, आणि घाणा २०० ऐवजी १५० ग्रॅमचा करायचा.