भाजीचं पाणी ओतून द्यायचं

"भाजीचं पाणी ओतून द्यायचं व्हय? सगळं सत्त्व त्यातच असतंय की!"

समोर बसलेल्या मावशींनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुःख होतं. आयुष्यभर त्यांनी भाजी उकडलेलं पाणी आमटीत घातलं, डाळीचं वरचं पाणी कटासाठी काढून ठेवलं. आता मी आहारतज्ज्ञ म्हणून त्यांना सांगत होते की काकांच्या ताटात ते पाणी येऊ द्यायचं नाही.

काका 62 वर्षांचे. किडनीचं काम बरंच कमी झालेलं, डायलिसिस अजून सुरू नाही, मधुमेह नाही. रक्तातलं पोटॅशियम 5.8 आलं होतं. निरोगी माणसात ते साधारण 3.5 ते 5 च्या दरम्यान असतं. डॉक्टरांनी दिवसाला 2000 मिलिग्रॅमची मर्यादा घालून दिली होती. घरी मात्र एकच वाक्य पोहोचलं होतं: "फळं-भाज्या जपून खा." जपून म्हणजे काय, हे कुणी सांगितलं नव्हतं.

पोटॅशियम विष नाही. आपल्या प्रत्येक पेशीत ते असतं आणि हृदयाचे ठोके नीट पडायला ते लागतंच. आपण खातो त्यातलं जास्तीचं पोटॅशियम बहुतेक सगळं किडनी लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी थकली की ते रक्तात साठतं आणि हृदयाची लय बिघडवतं. अडचण अशी, की हे वाढताना बहुतेकांना काहीच जाणवत नाही.

मी मावशींना कालचा दिवस सांगायला लावला. काका सकाळी रंकाळ्यावर फिरायला जातात आणि येताना एक शहाळं पितात, कारण "किडनीला शहाळं चांगलं" असं शेजारच्यांनी सांगितलेलं. दुपारी पालकाची पातळ भाजी, त्यात टोमॅटो. चारला एक केळं. आणि दोन वेळचा चहा गुळाचा, कारण साखरेपेक्षा गूळ बरा, त्यात आपल्या कोल्हापूरचा.

मी कागदावर आकडे मांडले. 300 मिलिलिटर पाण्याच्या शहाळ्यात साधारण 700 मिलिग्रॅम पोटॅशियम. जुडीतला काकांच्या वाटणीला आलेला पालक कच्चा मोजला तर दीडशे ग्रॅम, म्हणजे 800 च्या आसपास. मध्यम केळ्यात 400. एका टोमॅटोत सव्वादोनशे-अडीचशे. गूळ दोन चहांत मिळून 40 ग्रॅम, त्यात 400 च्या घरात. बेरीज अडीच हजारांवर गेली, आणि भाकरी, डाळ, दूध अजून धरलंच नव्हतं. मावशी त्या कागदाकडे बघत राहिल्या. यातली एकही वस्तू कुणी वाईट म्हणणार नाही, आणि तिथेच घात होतो.

फळ निवडताना दोन गोष्टी एकत्र बघायच्या: 100 ग्रॅममध्ये किती आणि आपण खातो किती. सफरचंद, अननस, पेअर, जांभूळ यांत 100 ग्रॅमला 120 च्या आत. पपई, संत्रं, द्राक्षं, चिकू, आंबा दोनशेच्या अलीकडे. पेरू आणि फणस चारशेच्या पुढे. खजूर आणि बेदाणे सातशेच्या आसपास, कारण पाणी उडून गेलं तरी पोटॅशियम तिथंच राहतं. कलिंगड या यादीत अगदी निरुपद्रवी दिसतं, 110 च्या जवळ. पण उन्हाळ्यात कापलेल्या कलिंगडाची कोण एकच फोड खातो? अर्धा किलो खाल्लं की ते केळ्याच्याही पुढे गेलं. उलट आंब्याच्या दोन छोट्या फोडी बसतात, आमरसाची वाटी बसत नाही. म्हणून मी "हे फळ बंद" असं क्वचितच सांगते. "एका वेळी एवढं" असं सांगते आणि घरातली एक ठरलेली छोटी वाटी मोजायला देते. रस मात्र नकोच. एका पेल्यात तीन-चार संत्री बसतात आणि चोथाही निघून जातो.

आता त्या पाण्याकडे येऊ, कारण भाजीची खरी गोष्ट तिथंच आहे. पोटॅशियम पाण्यात विरघळतं. ते भाजीच्या पेशींच्या आत कोंडलेलं असतं आणि पेशीचं पातळ आवरण शाबूत असेतो बाहेर येत नाही. म्हणून कापलेला बटाटा रात्रभर गार पाण्यात भिजत घालून फारसा उपयोग होत नाही, जरी कित्येक घरांत हेच करायला सांगितलेलं असतं. उकळताना आवरण फुटतं, मग पोटॅशियम पाण्यात उतरतं. 2008 साली अमेरिकेत बटाट्यावर केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं: छोटे चौकोनी तुकडे करून उकडल्यावर पोटॅशियम जवळपास निम्मं झालं, किसून उकडल्यावर पाऊण हिस्सा गेलं, आणि नुसतं भिजवून ठेवल्यानं सांगण्यासारखा फरक पडला नाही.

घरी हे असं करायचं. पाव किलो बटाटे सोलायचे, बोटाच्या पेराहून लहान फोडी करायच्या. मोठ्या पातेल्यात दोन-अडीच लिटर पाणी घ्यायचं आणि झाकण न ठेवता फोडी मऊ होईपर्यंत उकळायचं. मग चाळणीत ओतून ते पाणी टाकून द्यायचं. त्यानंतर फोडणी. आणखी कमी करायचं असेल तर एक उकळी आली की पाणी बदलून पुन्हा ताज्या पाण्यात शिजवायचं. सालीसकट अख्खा बटाटा उकडला तर फार थोडं बाहेर पडतं. कुकरमध्ये तर जेमतेम पाणी असतं आणि भाजीतून सुटलेलंही आपण तसंच वापरतो, त्यामुळे काहीच साधत नाही. वाफवून, भाजून, तळूनही पोटॅशियम कुठं जात नाही. पालेभाजीसाठी हीच रीत: बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची, पाणी काढायचं, हलक्या हातानं पिळायची. तिथंही प्रमाण राखावंच लागतं, कारण ढीगभर जुडी शिजून वाटीभर होते आणि माणूस त्या वाटीकडेच बघतो.

मावशींचं म्हणणं खोटं नाही. पाण्याबरोबर सी जीवनसत्त्व आणि फोलेटही जातं. म्हणून प्रत्येक भाजी अशी धुवून काढायची गरज नाही. दुधी, दोडका, कोबी, काकडी यांत मुळातच 100 ग्रॅमला दीडशेच्या आगेमागे असतं, त्या नेहमीसारख्या करायच्या. बटाटा, रताळं, सुरण, अळकुड्या, पालक, राजगिरा यांच्यासाठी पातेलं चढवायचं. आणि सी जीवनसत्त्व वाटीभर अननसातून किंवा पपईतून मिळतं. ते टाकून दिलेलं पाणी गार करून परसातल्या कढीलिंबाला घालायला मी मावशींना सांगितलं. मीठ घातलेलं नसेल तर झाडाला ते खतच आहे, आणि त्यांचा जीवही हळहळला नाही.

नवा दिवस आम्ही दोघींनी बसून लिहिला. शहाळं गेलं. केळ्याच्या जागी मध्यम सफरचंद, 160. दोडक्याची भाजी, 230. टोमॅटोऐवजी आमसुलाचा किंवा लिंबाचा आंबटपणा, 30. संध्याकाळी अननसाच्या दोन चकत्या, 110. चहात साखर, जवळपास शून्य. फळं-भाज्यांचे झाले साडेपाचशेच्या आत. दोन ज्वारीच्या भाकऱ्या 500, छोटी वाटी तुरीची डाळ 420, पेलाभर दूध 300, थोडा भात 60. एकूण 1800 च्या आसपास, आणि ताट रिकामं वाटलं नाही. पालक आठवड्यातून एकदा, पाणी काढून. तांबडा-पांढरा रस्सा मात्र रोजचा नको. सुकं खोबरं, मटणाचा अर्क, टोमॅटो सगळं त्या पातळ रश्शातच उतरलेलं असतं. कधीतरी मटणाचा एखादा तुकडा चालेल, रस्सा वाटीनं प्यायचा नाही.

भीतीपोटी फळं-भाज्या पार बंद करणारी घरंही मी बघते, आणि ते मला तितकंच काळजीचं वाटतं. चोथा गेला की पोट साफ होत नाही. किडनी थकलेल्या माणसात पोटॅशियमचा बराच वाटा शौचावाटे बाहेर पडत असतो, म्हणून बद्धकोष्ठ झालं की पोटॅशियम उलट वाढतं.

दोन गोष्टींना मात्र मी सूट देत नाही. एक, कमी सोडियमचं मीठ. रक्तदाबासाठी चांगलं म्हणून ते घरात येतं, पण त्यात सोडियम काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं. भाजीतल्या पोटॅशियमपेक्षा ते जास्त पूर्णपणे शोषलं जातं. पिशवीवरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय मीठ बदलू नका. दुसरं, कमरख, म्हणजे कापल्यावर चांदणीसारखं दिसणारं आंबट-गोड फळ. त्याचा प्रश्न पोटॅशियमचा नाहीच. त्यातलं एक विष निरोगी किडनी बाहेर टाकते, आजारी किडनीला ते जमत नाही. मग न थांबणारी उचकी, गोंधळलेपण, झटके, आणि माणूस दगावूही शकतो. एखादं फळ खाऊनही असं घडलेलं आहे. लोणच्यातही ते नको.

पोटॅशियम वाढलं म्हणजे ताटाचाच दोष, असंही धरू नये. रक्त काढताना मूठ पुन्हा पुन्हा आवळली, नमुना रखडला किंवा नळीत रक्तपेशी फुटल्या की आकडा खोटा वर दिसतो. टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारख्या गोळ्यांनीही तो वाढतो. त्या गोळ्या किडनीला आणि हृदयाला जपण्यासाठीच दिलेल्या असतात, म्हणून मनानं बंद करू नयेत. अहवाल घेऊन डॉक्टरांकडे जावं आणि नमुना पुन्हा द्यावा का ते विचारावं. पाय एकाएकी गळून गेले, छातीत ठोके चुकल्यासारखे वाटले किंवा आकडा सहाच्या वर गेला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, आहार बदलून वाट बघायची नाही.

तीन आठवड्यांनी काकांचं पोटॅशियम 5.1 आलं. गोळ्या त्याच होत्या. मावशींनी पिशवीतून दुमडलेला कागद काढला आणि विचारलं, "शेवग्याच्या शेंगा कुठल्या रांगेत घालू?" आम्ही त्या पालकाच्या रांगेत लिहिल्या.