नाचणीचं बी धरता येतं, मग हायब्रीड बाजरीचं का नाही?

पेरणीच्या दीड-दोन महिने आधीची गावातली बैठक. एक म्हातारे शेतकरी उठले, हातात नाचणीच्या सुकलेल्या कणसांची जुडी, आणि म्हणाले, "मंडळी, ह्या जुडीत जेवढं बी आहे तेवढ्यात माझं वाफ्यातलं रोप होतं. दरवर्षी पाकीट आणायचं, फोडायचं, पेरायचं आणि पुढच्या वर्षी परत रिकाम्या हाताने जायचं, हे कशासाठी? आपलं गावरान बी आपल्याच शेतात आहे, फक्त ते वेळेवर ओळखून बाजूला काढायला हवं." माना हलल्या. तेवढ्यात मागून एका बाईंनी विचारलं, "काका, गेल्या वर्षी मी पाकिटातली बाजरी लावली होती, लई झकास आली, मग तिचंच बी धरलं तर चालेल का?" काका थोडं थांबले आणि म्हणाले, "नाचणीचं मी छातीठोक सांगतो, पण त्या बाजरीचं नका धरू, फसाल." कारण मात्र त्यांना नीट सांगता येईना. ते कारण फार सुंदर आहे, म्हणून हा लेख.

सगळा खेळ फुलाचा आहे. नाचणीचं फूल इतकं बारीक असतं की बघायला भिंग लागतं, आणि बहुतेक वेळा त्याचे पराग त्याच फुलाच्या कुक्षीवर, म्हणजे फुलाच्या मादी भागावर, पडतात, बाहेरच्या परागाला आत यायला फार वाव मिळत नाही. शंभरातले नव्याण्णवच्या वर दाणे असे स्वतःच्याच परागातून भरतात. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या आपल्यातच बी धरत आल्यामुळे गावरान नाचणीचं एकेक झाड आतून जवळजवळ एकजिनसी झालेलं असतं, आणि त्याचं बी पेरलं की त्याच्यासारखंच झाड येतं. मुठीसारखं मिटलेलं कणीस असेल तर पोरंही मुठीसारखीच, बोटं फाकलेली असतील तर तीही तशीच. म्हणूनच नाचणीच्या प्रमाणित बियाण्याच्या प्लॉटला शेजारच्या दुसऱ्या जातीपासून फक्त ३ मीटर अंतर ठेवलं तरी पुरतं, एवढा तिच्यावर भरवसा आहे.

बाजरीचं बरोबर उलटं. पोटरीतून कणीस बाहेर आलं की आधी पांढरे, पिसासारखे बारीक तंतू बाहेर पडतात, ती कुक्षी. परागकोष यायला त्यानंतर दोन-तीन दिवस लागतात. आता या मधल्या दिवसांत कणसाकडे स्वतःचा परागच नाही म्हटल्यावर वाऱ्याबरोबर शेजारच्या झाडांवरून जे येईल त्यावरच दाणे भरणार. फुलोऱ्यात कणसावरून हळूच बोट फिरवून बघा, आधी ओलसर मऊ पिसं लागतात आणि दोन-तीन दिवसांनी त्याच कणसावरून बोट फिरवलं तर पिवळसर भुकटी लागते. म्हणजे बाजरीच्या एका कणसात कितीतरी बापांची पोरं असतात, आणि हे बाप शेजारच्या वावरातलेही असू शकतात. म्हणून सरळ वाणाच्या प्रमाणित बाजरीला नियमाने २०० मीटरचं अंतर लागतं, नाचणीच्या ३ मीटरच्या शेजारी हा आकडा ठेवून बघा.

आता त्या ताईंच्या हायब्रीडकडे येऊ. हायब्रीड बाजरीचं बी बनवायला मोठी अडचण ही की कणीस दोन्ही लिंगांचं, मग हाताने हजारो फुलांचे परागकोष कोण काढत बसणार? त्यावर तोडगा म्हणजे ज्या झाडाला परागच तयार होत नाही असं झाड आई म्हणून वापरायचं. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात टिफ्टन इथे ग्लेन बर्टन यांनी टिफ्ट २३ए नावाचं असं नरवंध्य वाण दिलं आणि त्याच आईवर भारतात १९६५ साली एचबी-१ हे पहिलं हायब्रीड आलं. या आईची नरवंध्यता पेशीच्या आतल्या, केंद्रकाच्या बाहेरच्या भागातून येते, त्यामुळे ती आईकडूनच सगळ्या पोरांत जाते. बाप मात्र असा निवडतात की त्याच्याकडे पराग परत सुरू करणारा जनुक असतो. पाकिटातल्या प्रत्येक दाण्याला आईची वंध्यता आणि बापाचा हा जनुक अशी दोन्हींची शिदोरी मिळते, म्हणून शेतातलं प्रत्येक झाड पराग देतं, दाणा भरतो, सगळी झाडं एका उंचीची, सगळं एकदम सारखं. तुम्ही बघता ते हेच देखणं पीक.

पण त्या झाडाकडे तो जनुक एकाच प्रतीत असतो, दुसरी प्रत आईकडून आलेली, निकामी. मग त्या शेतातलं बी धरून परत पेरलं की वाटणी होते, ढोबळपणे चार झाडांतल्या एका झाडाला कामाची एकही प्रत मिळत नाही आणि त्याच्यात आजीची वंध्यता परत डोकं वर काढते. उंचीचंही असंच, काही झाडं बुटकी, काही उंच, काही लवकर फुलणारी, काही मागं राहिलेली. आणि हायब्रीडमध्ये जो जोम असतो तो दोन वेगळ्या घराण्यांचा मेळ जमल्यामुळे येतो, पुढच्या पिढीत तो मेळ साधारण निम्मा तुटतो. वंध्य कणसांना शेजारच्या झाडांचा पराग मिळतो, म्हणून ती अगदीच रिकामी राहतील असं नाही, पण इथे आणखी एक दुखणं आहे. बाजरीचा अरगट रोग, ज्यात कणसातून मधासारखा चिकट पाझर येतो आणि पुढे दाण्याच्या जागी काळे कडक गोळे तयार होतात, तो कुक्षीतूनच आत शिरतो. पराग पडला की कुक्षी सुकून जाते आणि वाट बंद होते, पराग उशिरा पडला की वाट तेवढे दिवस उघडी राहते. काका "फसाल" म्हणाले ते असं.

बरं, बाजरीचंच बी धरायचं असेल तर? पाकिटावर सरळ वाण किंवा सुधारित वाण लिहिलं असेल, किंवा घराण्यातली गावरान बाजरी असेल, तर धरता येतं, पण दहा-वीस सुंदर कणसं निवडून नाही. मोठी चूक हीच होते, कारण डोळ्याला आवडलेली थोडीशीच कणसं धरली तर चार-पाच वर्षांत सगळं शेत एकमेकांच्या जवळच्या नात्यात येतं आणि बाजरीला जवळचं नातं मानवत नाही, झाडं खुजी होत जातात. काठाचे तास सोडून शेताच्या मधल्या भागातली निदान चार-पाचशे कणसं घ्यायची आणि फुलोऱ्याआधीच वेगळी दिसणारी झाडं उपटायची, कारण एकदा परागकोष फुटले की भेसळ वाऱ्यावर गेलेली असते. शेजारी हायब्रीड असेल आणि दोनशे मीटर अंतर मिळत नसेल तर पेरणी पुढेमागे करून फुलोरा वेगळ्या वेळी आणायचा, पण पावसाच्या भरवशावरच्या शेतीत हे दरवेळी साधेलच असं मी म्हणणार नाही.

नाचणीचा हिशोब खूप सोपा, म्हणून मला वाटतं सुरुवात नाचणीपासूनच करावी. एक एकर रोप लावायचं तर साधारण २ किलो बी पुरतं. चांगल्या कणसातून ५ ग्रॅम दाणा धरला तर ४०० कणसं लागतात, थोडं जास्तीचं म्हणून ६०० काढा. ही कणसं कधी काढायची? सगळी कापणी झाल्यावर खळ्यावरच्या ढिगातून नाही, उभ्या पिकातून. ढिगात कणीस दिसतं पण त्याच्या मागचं झाड दिसत नाही, ते लोळलं होतं का, फुटवे किती होते, काहीच कळत नाही. करपा मानेवर आला होता का तेही उभ्या पिकातच कळतं, कणसाच्या खालचा देठ काळपट पडतो किंवा एखादंच बोट वाळून पोचट राहतं. असलं कणीस घेऊच नका, कारण करप्याची बुरशी बियाण्याबरोबर पुढच्या वाफ्यात जाते. फुलं येताना एकदा आणि पिकल्यावर एकदा शेतात फेरी मारून वेगळ्या रंगाची, वेगळ्या उंचीची झाडं काढली की काम झालं.

यानंतरची पायरी सुकवणीची आणि बी मरतं ते बहुतेक इथेच. दाणा हा जिवंत असतो, श्वास घेत असतो, आणि त्यात ओल जेवढी जास्त तेवढा तो लवकर थकतो. बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांचा एक ढोबळ नियम आहे, ओलावा एक टक्क्याने कमी केला की बियाण्याचं आयुष्य दुप्पट होतं आणि साठवणीचं तापमान ५ अंशाने उतरलं की परत दुप्पट. म्हणजे १२ टक्के ओलाव्यावर एक वर्ष टिकणारं बी १० टक्क्यांवर चार वर्षांच्या आसपास जाईल. साध्या पोत्यात ठेवायचं तर १२ टक्के चालतो, हवाबंद डब्यात ठेवायचं तर ८ टक्क्यांपर्यंत उतरवावा लागतो. हे उलटं वाटतं ना? डबा तर जास्त सुरक्षित! पण डबा ओल आत येऊ देत नाही तसाच आतली बाहेरही जाऊ देत नाही, अर्धवट सुकलेलं बी त्यात भरलं तर ते आतच घामेजून मरतं.

घरी मीटर कुठला, पण काचेची कोरडी बरणी आणि कोरडं मीठ असतंच. चार मुठी बी, दोन चमचे मीठ, झाकण लावून दोन-तीन मिनिटं हलवा आणि थोडा वेळ ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर, मोकळं राहिलं तर खाली. ही परीक्षा ढोबळ आहे, मीठ मोकळं राहिलं म्हणजे बी तयार झालं असं नाही, त्यानंतरही दोन-तीन दिवस सकाळचं आणि उतरतं ऊन द्यायचं. भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर टाकू नका, अंकुर भाजतो. आणि उन्हातून काढलेलं गरम बी लगेच बंद करू नका, निवू द्या, नाहीतर रात्री झाकणाला आतून दव धरतं. मीठ लागलेलं बी परत ढिगात टाकायचं नाही, ते वेगळंच ठेवा.

काका बसायच्या आधी पिशवीतून ओलं कापड काढून दाखवत होते. आठ दिवसांपूर्वी त्यात त्यांनी १०० दाणे मोजून ओळीत मांडले होते, गुंडाळून सावलीत ठेवलं होतं, रोज फक्त पाणी शिंपडलं. कापड उलगडलं, सगळे वाकून मोजायला लागले, ८८ उगवलेले निघाले. नुसते फुगलेले दाणे त्यांनी मोजू दिले नाहीत, मूळ आणि कोंब दोन्ही सरळ हवेत म्हणाले, आणि ते बरोबरच आहे. प्रमाणित बियाण्याला किमान ७५ लागतात, त्यामुळे ८८ म्हणजे बिनधास्त. ताईंनी विचारलं, ६० निघाले तर जास्त पेरून भागेल ना? काका म्हणाले, "आकडा भागेल, पण जे उगवले ते पण म्हातारे असतात बाई, पहिल्या उघडिपीत माना टाकतात. ६० निघाले तर मला सांग, माझ्याकडचं दोन किलो ने, आणि तुझी नाचणी पिकली की कापायच्या आधी मला शेतावर बोलव, कणसं आपण मिळून निवडू."