पोटगी (खावटी) : अर्जाची तारीख आणि थकबाकी

नवऱ्यापासून वेगळं राहणाऱ्या बायकोला आणि मुलांना जगण्यासाठी मिळणारी दरमहा रक्कम. कोर्टाच्या कागदात 'निर्वाह खर्च' किंवा 'पोटगी', पण कोल्हापूर भागात खेड्यातली माणसं सरळ 'खावटी' म्हणतात. शब्दाच्या उगमावर थोडी गंमत आहे. 'पोटगी' पोटावरून आली यात फारसा वाद नाही, 'खावटी' खाण्यावरून, पण सोसायटीत पीककर्जासोबत घरखर्चाला मिळतं त्यालाही खावटीच म्हणतात, त्यामुळे आधी कर्ज की आधी कोर्ट हे ठामपणे सांगणं अवघड, आम्हाला तरी घरखर्चाचं धान्य-पैसा हा अर्थ जुना वाटतो आणि कोर्टाने तो नंतर उचलला असावा. कल्पना मात्र फार जुनी आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत म्हटलंय की आज्ञेत राहणाऱ्या, कामाला दक्ष, पुत्रवती, गोड बोलणाऱ्या बायकोला टाकणाऱ्या नवऱ्याकडून तिला संपत्तीचा तिसरा हिस्सा देववावा, आणि तो निर्धन असेल तर निदान तिचं भरणपोषण करवावं. या स्मृतीचा काळ काही अभ्यासक इसवी सनाच्या आसपासचा धरतात, काही गुप्तकाळापर्यंत खाली आणतात, आणि भाषा बघता दुसरं मत जास्त पटण्यासारखं आहे.

आजचा कायदा एकच नाही. सगळ्यात जास्त वापरला जातो तो फौजदारी प्रक्रिया संहितेतला कलम १२५, जो १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाला, आशय जवळजवळ तोच. यात धर्म आड येत नाही. शाहबानो निकाल १९८५ चा, आणि घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही हा मार्ग खुला आहे असं सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा सांगितलं. याशिवाय घटस्फोटाची केस चालू असताना हिंदू विवाह कायद्याचं कलम २४ आहे, आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदाही आहे. दोन ठिकाणी मागितलं तर रक्कम दुप्पट होत नाही, एका आदेशातलं दुसऱ्यात वळतं करतात, म्हणून आधीची केस लपवू नये.

अर्ज कुठे करायचा हा पहिला प्रश्न. नवरा राहतो तिथे, बायको राहते तिथे, किंवा दोघं शेवटी एकत्र राहिले तिथे, तिन्ही चालतात. म्हणजे सासर कागलला असलं तरी माहेर बावड्यात असेल तर कोल्हापूरचं कौटुंबिक न्यायालय चालतं. जिथे कौटुंबिक न्यायालयाची हद्द नाही तिथे प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे जावं लागतं. महाराष्ट्रात बायकांना अशा दाव्यात १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे, वकीलही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, त्याला बाईच्या उत्पन्नाची अट नाही (हे माहीत नसल्याने कितीतरी जणी दागिने मोडतात).

खरी लढाई नवऱ्याच्या उत्पन्नावर होते. नोव्हेंबर २०२० च्या 'रजनेश विरुद्ध नेहा' निकालानंतर दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, त्यात पगार, खाती, कर्ज, खर्च सगळं. आता शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत काम करणारा नवरा बारा हजार पगार लिहितो तेव्हा ओव्हरटाइम त्यात नसतो, म्हणून पगाराच्या खात्याचं एक वर्षाचं स्टेटमेंट आणि पीएफचा तपशील कोर्टामार्फत मागवून घेतात. शेती असेल तर सातबारा आणि आठ-अ, कारखान्याचं उसाचं बिल, दूध संस्थेचं दर दहा दिवसांचं बिल. इथे एक मर्यादा आहे, ऊस सासऱ्याच्या नावावर असेल तर ते उत्पन्न सरळ नवऱ्याचं धरता येत नाही, तो तिथे राबतो आणि त्याचं घर त्यावर चालतं एवढंच दाखवता येतं. आणि 'मला काम नाही' हे धडधाकट माणसाचं म्हणणं कोर्ट सहसा मान्य करत नाही. पगाराच्या किती टक्के असा कायद्यात आकडा नाही, २०१७ च्या एका निकालात निव्वळ पगाराच्या पंचवीस टक्क्यांचा उल्लेख आल्यापासून वकील तोच आकडा सांगतात, पण तो नियम नव्हे. बायको थोडंफार कमवत असली तरी दावा संपत नाही, रक्कम कमी होते.

मुलांचा हक्क आईपेक्षा वेगळा असतो, आई माघार घेतली तरी मुलाचा राहतो. अज्ञान मुलांना मिळते. सज्ञान अविवाहित मुलीला कलम १४४ खाली फक्त अपंगत्व वगैरे असेल तरच, पण १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली ती स्वतःचा खर्च भागवू शकत नसेल तर लग्न होईपर्यंत मागू शकते, म्हणून तिचा अर्ज वेगळा टाकतात.

आता तारखेचा प्रश्न. कायद्याचे शब्द असे की पोटगी आदेशाच्या तारखेपासून, किंवा कोर्टाने तसं म्हटलं तर अर्जाच्या तारखेपासून. यावरून पूर्वी कोर्टाकोर्टांत फरक होता, कुणी आदेशापासून देई, कुणी अर्जापासून. २०२० च्या निकालाने अर्जाची तारीख धरायला सांगितली, आणि तेच बरोबर वाटतं, कारण तारखा वाढतात त्या बायकोमुळे नव्हे. तरी आदेशात 'अर्जाच्या तारखेपासून' हे शब्द आहेत का ते बघून घ्यावं.

एक नमुना घेऊ. बायकोने ५ ऑगस्ट २०२२ ला अर्ज केला, ५ एप्रिल २०२३ ला अंतरिम आदेश झाला, तिला ५ हजार आणि मुलाला ३ हजार, अर्जापासून. म्हणजे मागचे आठ महिने ६४ हजार आणि पुढे दर महिन्याच्या ५ तारखेला ८ हजार. नवऱ्याने एप्रिल, मे, जून दिले आणि बंद केलं, ६४ हजाराला तर हातच लावला नाही. गावच्या बैठकीत 'देतो की' म्हणाला, बाई थांबली, आणि वसुलीचा अर्ज २० सप्टेंबर २०२४ ला टाकला. इथे घात होतो. रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो, नाहीतर वॉरंट निघत नाही. एप्रिल २०२३ ला देय झालेले ६४ हजार आणि जुलै ते सप्टेंबर २०२३ चे २४ हजार, मिळून ८८ हजार वॉरंटाच्या बाहेर गेले, हाती राहिले ऑक्टोबर २०२३ ते सप्टेंबर २०२४ चे बारा हप्ते, ९६ हजार. ८८ हजाराचा हक्क बुडाला असं नाही, दिवाणी हुकूमनाम्यासारखी जप्ती मागता येते, पण त्यात वेळ जातो आणि नवऱ्याला तुरुंगाची भीती वाटते तशी जप्तीची वाटत नाही. वर्षाच्या आत एकदा अर्ज पडला की नंतरचे हप्ते त्यातच वाढवून घेता येतात, दरवेळी नवीन अर्ज लागत नाही.

कैद किती यावर अजून एकमत नाही. कायद्यात न दिलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत असे शब्द आहेत. काही कोर्टांनी याचा अर्थ एका अर्जावर एकच महिना असा घेतला, काहींनी बारा महिन्यांची थकबाकी म्हणजे बारा महिन्यांपर्यंत. शब्द बघता दुसरा अर्थ जवळचा वाटतो. पण आत जाऊन आला म्हणून रक्कम माफ होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच सांगितलंय.

आदेशाविरुद्ध हायकोर्टात जायचं तर १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबईला जायची गरज नाही, सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं. तिथे स्थगिती मागणाऱ्या नवऱ्याला बहुधा आधी थकबाकीचा काही भाग भरायला सांगतात, आणि तो भरला की काही बायकांच्या हातात पहिले पैसे तेव्हाच पडतात.