पासवर्ड टाकलेली झिप आणि तिच्यामागची तीसेक वर्षं

घरातला किंवा ऑफिसमधला कॉम्प्युटर चार जण वापरत असले की आधार, पॅन, पगाराच्या स्लिपा एका झिपमध्ये टाकून पासवर्ड लावायचा, हे बहुतेक जण करतातच. पण सेव्हन-झिप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये झिप फॉरमॅट निवडला की Encryption method समोर दोन पर्याय दिसतात, ZipCrypto आणि AES-256, आणि आधीपासून निवडलेला असतो तो पहिला, म्हणजे नेमका कच्चा. हे असं का, तर त्यासाठी थेट 1989 पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी अमेरिकेत मिलवॉकीच्या फिल कॅट्झने पीकेझिप हे फाइली दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर काढलं आणि झिप फॉरमॅटची माहिती सगळ्यांसाठी खुली ठेवली, म्हणून तर तो सगळीकडे पसरला. त्यातली पासवर्डची पद्धत, म्हणजेच आजची ZipCrypto, रॉजर श्लाफ्लीने दिलेली. ती अशी की पासवर्डवरून 32 बिटांच्या तीन अंतर्गत किल्ल्या बनतात आणि त्या प्रत्येक बाइटगणिक बदलत जातात. त्या काळच्या मशीनवर झटपट चालायची, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती.

1994 मध्ये एली बिहाम आणि पॉल कोचर या दोघांनी दाखवून दिलं की आतल्या फाइलचा जेमतेम तेरा बाइटांचा मजकूर आधीच माहीत असेल तर त्या तीन किल्ल्या उलट्या काढता येतात. पासवर्ड ओळखायची गरजच नाही! म्हणजे तुम्ही वीस अक्षरी पासवर्ड ठेवा नाहीतर पाच अक्षरी, या हल्ल्याला फरक पडत नाही.

आता तेरा बाइट कुणाला कसे माहीत असणार असं वाटेल, पण शेअर केलेल्या कॉम्प्युटरवर हे फार सोपं आहे. समजा झिपमध्ये तुमची पगाराची स्लिप आहे आणि सोबत बँकेचा कोरा फॉर्म आहे, आणि तोच फॉर्म Downloads मध्ये तसाच पडलाय. दुसऱ्याने तो उचलायचा, साध्या झिपमध्ये त्याच पद्धतीने दाबायचा, की झाला माहीत असलेला मजकूर तयार, तेराच काय हजारो बाइट. आणि झिपमधल्या सगळ्या फाइलींना एकच पासवर्ड असल्यामुळे त्या फॉर्मवरून निघालेल्या किल्ल्यांनी स्लिपही उघडते. फॉर्म नसला तरी पीएनजी स्कॅन न दाबता नुसताच भरलेला असेल तर त्याची सुरुवात ठरलेली असते, पहिले सोळा बाइट प्रत्येक पीएनजीत सारखेच. bkcrack नावाचं फुकट टूल हेच काम करतं आणि त्याला बाराच बाइट पुरतात.

मग दुरुस्ती का नाही केली? केली की. 2001 मध्ये अमेरिकेच्या निस्ट संस्थेने एईएस, म्हणजे वरच्या पर्यायातलं AES, हे प्रमाण म्हणून जाहीर केलं आणि 2003 मध्ये विनझिपवाल्यांनी ते झिपमध्ये आणलं. अडचण विंडोजची. एक्सपीमध्ये झिपला पासवर्ड लावता यायचा, तोही जुन्याच पद्धतीचा, आणि व्हिस्टापासून ती सोयच काढून टाकली. नुसत्या एक्सप्लोररमधून एईएसवाली झिप वर्षानुवर्षं उघडतच नव्हती, आणि समोरच्याकडे फाइल उघडली नाही की फोन आपल्यालाच येतो, म्हणून जुनी पद्धत टिकून राहिली. माझ्या मते सोयीपोटी केलेली ही तडजोड आता निव्वळ धोक्याची आहे.

आपली जुनी झिप कुठल्या प्रकारची आहे ते असं बघा:

```
7z l -slt kagad.zip
```

Method समोर ZipCrypto दिसलं तर ती नव्याने बनवा. पण एईएस घेतलं तरी झिपमध्ये फाइलींची नावं उघडीच राहतात, म्हणजे "घटस्फोट_नोटीस.pdf" हे नाव पासवर्डशिवाय वाचता येतं आणि कधीकधी तेवढंच पुरेसं असतं. सेव्हन-झिप बनवणाऱ्या इगोर पाव्हलोवच्या 7z फॉरमॅटमध्ये नावंही झाकता येतात, फक्त Encrypt file names वर टिक स्वतः करावी लागते, कमांडमध्ये ती अशी:

```
7z a -p -mhe=on kagad.7z Kagad
```

शिवाय 7z पासवर्डपासून किल्ली बनवताना पाच लाखांहून जास्त वेळा हॅश नावाचं गणित फिरवतं, विनझिपच्या पद्धतीत हा आकडा 1000 आहे, त्यामुळे एकेक पासवर्ड टाकून बघणाऱ्याचा वेळ इथे कितीतरी जास्त जातो. तरी "Ganpati123" ठेवलात तर तो लवकरच सापडेल हे वेगळं सांगायला नको.

पण हे सगळं कुलूप फक्त त्या एका फाइलीला. मूळ फोल्डर जागेवर राहिला, रीसायकल बिनमध्ये गेला, तर अर्काइव्ह असून नसल्यासारखं. त्यातून सेव्हन-झिपच्या खिडकीतच डबल क्लिक करून पीडीएफ उघडली की तिची उघडी प्रत %TEMP% मध्ये 7zO ने सुरू होणाऱ्या फोल्डरात उतरते, बंद केल्यावर सहसा पुसली जाते, पण साध्या डिलीटनेच, आणि मध्येच लाइट गेली तर तिथेच पडून राहते. म्हणून काम झाल्यावर तो फोल्डर एकदा उघडून बघायचा. आणि त्या मशीनचे अॅडमिन हक्क दुसऱ्याकडे असतील, तर टाइप केलेला पासवर्डच टिपून घेणारं काहीतरी तो बसवू शकतो, तिथे कुठलाच फॉरमॅट कामाला येत नाही, ते कागद पेन ड्राइव्हवर घेऊन स्वतःच्या मशीनवरच उघडावेत.