फोटोत शर्ट ‘इन’ करून हवाय? मग एवढं लिहून पाठवा

लग्नाच्या बायोडाट्याचा फोटो आमच्याकडे एडिट करायला पाठवताना बरेच जण एकच ओळ लिहितात, ‘शर्ट इन करा, बाह्या वर घ्या.’ काम होतं, पण दोनदा करावं लागतं. कारण इन म्हणजे कितपत आणि वर म्हणजे कुठवर, हे आम्हाला अंदाजाने ठरवावं लागतं.

शर्ट बाहेर काढणं सोपं असतं, तिथे आम्ही फक्त झाकतो. इन करताना मात्र शर्टाखाली जे होतं ते दाखवावं लागतं: पॅंटची कंबर, पट्टा, बक्कल, खिशाचं तोंड. तुमच्या फोटोत ते नसतंच. म्हणून पट्ट्याचा रंग आणि बक्कल कसलं, हे सांगा. त्याच पॅंटवर इन केलेला दुसरा एखादा फोटो असेल तर फारच उत्तम. कापड थोडं सैल सुटलेलं हवं की ताणून बसवलेलं, हेही लिहा. पट्ट्यावर थोडा फुगवटा नसेल तर शर्ट रंगवल्यासारखा दिसतो. बटणांची पट्टी, बक्कल आणि पॅंटची चेन एका रेषेत आम्ही आणतोच.

बाह्यांचंही तसंच. पूर्ण बाहीचा शर्ट असेल तर मनगटापासून कोपरापर्यंतचा हात फोटोत नाही, तो कुठून तरी आणावा लागतो. दुसऱ्याचा हात लावला की घरचे लगेच ओळखतात. त्यामुळे साधारण तशाच उजेडात, हात तितकाच वाकवून, उघड्या हाताचा एक फोटो काढून पाठवा. या कामाचे पैसे थोडे जास्त का, असं विचारतात, कारण हेच.

मोजमाप असं सांगा: कफ दोनदा दुमडला की बाही साधारण मध्यावर येते, तीनदा दुमडला की कोपराच्या जवळ. चौकडीचा विणलेला शर्ट दुमडला तर आतूनही चौकडीच दिसते, पण छापील कापडाची आतली बाजू फिकी असते. शर्ट हाताशी असेल तर उलटा करून त्याचा फोटो पाठवा. अंदाजाने रंगवलेली घडी चिकटवल्यासारखी दिसते ती यामुळेच.

नुकताच आलेला एक चांगला मेसेज नमुन्यादाखल: ‘निळा छापील शर्ट, पूर्ण इन, कापड थोडं सैल. तपकिरी पट्टा, साधं चौकोनी बक्कल. दोन्ही बाह्या तीन घड्या, कोपराखाली चार बोटं. डाव्या हातात घड्याळ, ते राहू द्या. सोबत हाताचा आणि उलट्या शर्टाचा फोटो.’ ते काम एका बैठकीत झालं.

खालची किनार गोलाकार असलेला लांब शर्ट बाहेर ठेवायला सांगितलात तर आम्ही एकदा विचारू. असे शर्ट सहसा खोचण्यासाठीच शिवलेले असतात, बाहेर काढले की मांडीवर लोंबतात. हवं असेल तर किनार सरळ आणि आखूड करून देऊ, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर कापडाची वीण पुसट होते. पहिली दुरुस्ती फुकट. मात्र मेसेजमध्ये नसलेली गोष्ट नंतर सुचली तर तिचे पैसे लागतील.