गणंग हरभरा

गणंग हरभरा : भिजवून तासन्‌तास शिजवल्यावरही मऊ न होणारा हरभऱ्याचा दाणा. अशा दाण्याला मराठीत कुचर असेही म्हणतात. हरभऱ्याच्या ढिगात असे थोडे दाणे नेहमीच सापडतात. पण वऱ्हाड-नागपूरच्या खेड्यांत घरोघर येणारी अडचण वेगळी आहे. तिथे एखाद्या पोत्यातला सगळाच चना पावसाळा उलटल्यावर शिजेनासा होतो, आणि तर्रीच्या पातेल्यात दाणा रश्शापासून वेगळा, कचकचीत राहतो. या नोंदीत मुख्यतः त्याच प्रकाराचा विचार केला आहे.

हरभऱ्याचा टणकपणा दोन प्रकारचा असतो. व्यवहारात दोन्हींना एकच नाव असल्याने उपायही चुकीचे केले जातात. पहिल्या प्रकारात दोष टरफलाचा असतो. दाणा फार कोरडा पडला की टरफल पाणी आत शिरू देत नाही. रात्रभर भिजवूनही असा दाणा काढला तसाच, लहान आणि गुळगुळीत राहतो. मोड आणायला ठेवलेल्या हरभऱ्यात खाली उरणारे कुचर बहुधा याच जातीचे. दुसऱ्या प्रकारात दाणा पाणी व्यवस्थित पितो, फुगतो, नखाने दाबला तर दबतोही; पण उकळल्यावर त्याचा आतला गर सुटा होत नाही. हा दोष टरफलाचा नसून डाळिंबीचा, म्हणजे आतल्या दोन दलांचा आहे. दोहोंतला फरक ओळखायला वेगळे साधन लागत नाही. मोजून १०० दाणे १२ तास भिजवावेत आणि न फुगलेले वेगळे काढून मोजावेत. न फुगलेले बरेच निघाले तर दोष टरफलाचा. जवळपास सगळे फुगले आणि तरीही शिजले नाहीत तर दोष आतला. पहिला दोष सहज निघतो : उकळत्या पाण्यात दाणे दोन मिनिटे टाकून आच बंद करावी आणि त्याच पाण्यात भिजत ठेवावेत, म्हणजे टरफल पाणी घेऊ लागते. दुसरा दोष खरा त्रासदायक आहे.

या दुसऱ्या दोषाचे कारण काय, यावर अन्नशास्त्रज्ञांत बरीच वर्षे मतभेद आहेत. कडधान्य शिजते म्हणजे नेमके काय होते, हे आधी पाहायला हवे. दलातल्या पेशी पेक्टिन या चिकट द्रव्याच्या थराने एकमेकींना जोडलेल्या असतात. उकळत्या पाण्यात हे पेक्टिन तुटून विरघळते, पेशी सुट्या होतात, आणि दाणा बोटांत चिरडला जातो. पेक्टिनच्या धाग्यांना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम गाठी मारून ठेवतात. गाठी जितक्या जास्त, तितके ते विरघळायला अवघड. दाण्यात फायटेट नावाचे दुसरे द्रव्य असते. ते कॅल्शियमला स्वतःकडे धरून ठेवते आणि पेक्टिनपर्यंत पोचू देत नाही. स्वीडनमधील संशोधक मॅटसन यांनी १९४६ मध्ये पिवळ्या वाटाण्यावरच्या कामातून असे मांडले की शिजण्याची क्षमता या फायटेटवर अवलंबून असते. पुढे याच मतात भर पडली : दमट, उष्ण साठवणीत दाण्यातलेच फायटेज हे विकर फायटेट फोडते, मोकळे झालेले कॅल्शियम पेशींमधल्या थरात जाते आणि तिथल्या पेक्टिनला घट्ट बांधते. कडधान्य शिजायला किती वेळ लागतो हे मोजण्याचे प्रयोगशाळेतले साधन आजही मॅटसनच्याच नावाने ओळखले जाते. त्यात प्रत्येक दाण्यावर एक वजनदार काडी टेकवलेली असते. दाणा मऊ झाला की काडी त्यातून आरपार खाली पडते.

दुसरे मत लिग्निनचे आहे. कॅनडातील हिंक्स आणि स्टॅनली यांनी १९८० च्या दशकात घेवड्याच्या दाण्यावर काम करून असे मांडले की जुन्या दाण्यात फिनॉलवर्गीय द्रव्ये पेशीभित्तीत जाऊन बसतात आणि लाकडात असते तशी कडक बांधणी तयार करतात. फायटेट कमी होण्याचा वेग आणि दाणा टणक होण्याचा वेग यांचा मेळ प्रत्येक वेळी बसत नाही, हा या मताचा मोठा आधार. उलट, कॅल्शियम ओढून घेणाऱ्या किंवा सोडियम पुरवणाऱ्या पाण्यात भिजवले की जुने दाणे बऱ्याच अंशी मऊ शिजतात, ही गोष्ट पहिल्या मताच्या बाजूने आहे. हिंक्स आणि स्टॅनली यांनी स्वतःही एकाहून अधिक कारणांची शक्यता मांडली. साठवणीच्या सुरुवातीला फायटेटची प्रक्रिया मुख्य आणि पुढे लिग्निनसारखी बांधणी, असा तो विचार आहे. स्वयंपाकातला अनुभव याच विचाराशी अधिक जुळतो. एका पावसाळ्यातून गेलेला चना सोड्याने वळतो. दोन-तीन वर्षे पडून राहिलेला मात्र सोड्यालाही पुरता दाद देत नाही.

विदर्भात हरभरा माघ-फाल्गुनात, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. अकोला, चंद्रपूर या भागांत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, म्हणून दोष उन्हाळ्याचा असावा असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच बरोबर वाटतो. उन्हाळ्यात हवा कोरडी असते आणि चांगला वाळलेला दाणा कोरडाच राहतो. पाण्याशिवाय विकराला काम करता येत नाही. कोरडेपणाने वाढतो तो टरफलाचा टणकपणा. खरे नुकसान आषाढापासून पुढे होते. हवा दमट होते, घराच्या आत ऊब टिकून राहते, आणि बारदानातला दाणा हवेतले पाणी ओढून घेतो. मग उष्णता आणि ओल एकत्र येतात. टिनाच्या छपराखाली भिंतीला टेकवलेल्या पोत्याला हे दोन्ही भरपूर मिळते. त्यामुळे त्याच वाणाचा, त्याच शेतातला हरभरा एका घरी दिवाळीतही शिजतो आणि शेजारी शिजत नाही. वाणांमध्ये फरक असतोच. काबुलीचे टरफल पातळ, तर विदर्भात पुष्कळ पेरल्या जाणाऱ्या जॅकी ९२१८ सारख्या देशी वाणाचे जाड. पण डाळिंबीतला दोष वाणापेक्षा साठवणीने जास्त येतो. कडक उन्हात वाळवून, पूर्ण निवू देऊन, मग घट्ट झाकणाच्या कोठीत भरलेला आणि घराच्या सावलीच्या कोपऱ्यात ठेवलेला चना अधिक काळ टिकतो. गरम असतानाच कोठी बंद केली तर आत घाम धरतो. कडुनिंबाचा पाला किडीला आवर घालतो. टणकपणाशी त्याचा संबंध नाही.

पाणी हे दुसरे कारण, आणि खेड्यात ते फार आधीपासून ओळखले गेले आहे. ‘त्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही’ हे वाक्य म्हणजे पाण्याची तपासणीच असते. काळ्या खडकातल्या, म्हणजे बेसाल्टमधल्या, विहिरींच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. हे दुष्फेन, म्हणजे जड, पाणी पेक्टिनला बाहेरून आणखी गाठी पुरवते, त्यामुळे ताजा हरभराही उशिरा शिजतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालवून घेतली जाते. पिण्यास योग्य ठरलेले पाणीही चन्यासाठी त्रासाचे असू शकते, हे यावरून लक्षात येईल. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्याबाबत मात्र सावध राहिले पाहिजे : खारे पाणी आणि जड पाणी एकच नव्हेत. खारेपणा सोडियमचा असेल तर तो शिजण्याच्या आड येत नाही; त्यासोबत कॅल्शियम-मॅग्नेशियम असेल तर येतो. चवीवरून हे कळत नाही, साबणावरून कळते. फेस न येता साबण फाटत असेल तर पाणी जड आहे.

एक उदाहरण घेऊ. चैत्रात भरून ठेवलेल्या पोत्यातला १ किलो हरभरा आश्विनात तर्रीसाठी विहिरीच्या पाण्यात भिजवला. सकाळी तो फुगून जवळजवळ २ किलो भरला, म्हणजे टरफलाचा दोष नाही. दोन तास उकळूनही दाणा कचकचतो. आता जुनेपणा आणि पाणी यांपैकी दोष कोणाचा, हे कळायला त्याच पोत्यातल्या दोन मुठी वेगवेगळ्या भांड्यांत घ्याव्यात. एक विहिरीच्या पाण्यात भिजवून शिजवावी, दुसरी साठवलेल्या पावसाच्या पाण्यात. पावसाच्या पाण्यातला चना वेळेवर मऊ झाला तर दोष पाण्याचा. दोन्ही सारखेच टणक राहिले तर दोष दाण्याचा. दुसरा लवकर शिजला पण पुरता मऊ झाला नाही, तर दोष दोघांचा. पावसाळ्यानंतर बहुधा हेच दिसते.

पाण्याचा दोष असेल तर पाणी आधी खळखळ उकळून, निववून, वरचे निवळ घ्यावे. बायकार्बोनेटमुळे आलेला कठीणपणा भांड्याच्या तळाशी पांढरा थर होऊन बसतो; सल्फेट-क्लोराइडचा मात्र तसाच राहतो. दाण्याचा दोष असेल तर १ किलो चन्याला ३ लिटर पाणी घेऊन त्यात ३ लहान चमचे खायचा सोडा विरघळवावा, रात्रभर भिजवावे, सकाळी ते पाणी फेकून दाणे दोन-तीनदा धुवावेत आणि नव्या पाण्यात शिजवावेत. सोडियम कॅल्शियमची जागा घेते, आणि अल्कलीत पेक्टिन लवकर तुटते. सोड्याऐवजी लिटरला एक मोठा चमचा मीठ घालून भिजवले तरी पहिला परिणाम मिळतो, थोडा सौम्य. मिठाने कडधान्य टणक होते हा समज भिजवण्याच्या पाण्याला तरी लागू नाही. पापडखारही अल्कलीच आहे, पण खायच्या सोड्यापेक्षा तीव्र, म्हणून तो चिमटीनेच घ्यावा. सोडा जास्त झाला तर टरफले सुटून लगदा होतो, चव साबणासारखी लागते आणि ‘ब१’ जीवनसत्त्व नष्ट होते.

आधीच पातेल्यात चढवलेला चना वाचवायचा असेल तर लिटरला पाव चमचा सोडा घालून कुकरमध्ये घ्यावा. तिथे तापमान सुमारे १२० अंशांपर्यंत जाते. समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीच्या चिखलदऱ्याला पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे तिथे उघड्या पातेल्याचा भरवसा आणखी कमी. चिंच, टमाटर, आमचूर दाणा पुरता चिरडला जाऊ लागल्यावरच घालावेत, कारण आंबटात पेक्टिन तुटत नाही. आंबट घातल्यावर टणक राहिलेली तर्री पुढे कितीही उकळली तरी फारशी सुधारत नाही. भिजवलेला चना रात्रभर विझत्या चुलीवर कोमट ठेवण्याची सवयही बरी नव्हे : ५०-६० अंशांच्या उबेत दाण्यातले दुसरे एक विकर पेक्टिनला कॅल्शियम धरण्याजोगे करते आणि दाणा उलट घट्ट होतो.

दोन-तीन वर्षांच्या चन्याला सोडा आणि कुकर दोन्ही करूनही मधोमध कडक कण उरत असेल तर उसळीचा नाद सोडावा. डाळ पाडूनही हा दोष जात नाही, कारण तो टरफलात नाही. दळल्यावर मात्र पेशी यंत्रानेच फुटतात आणि त्या सुट्या होण्यावर काही अवलंबून राहत नाही. म्हणून असा चना कीड किंवा बुरशी लागलेला नसेल तर निवडून, वाळवून बेसनासाठी गिरणीत द्यावा. त्याचे पिठले नेहमीसारखेच शिजते.