कोकीळ आणि कावळ्याचे घरटे (मराठवाडा)

कोकीळ पक्ष्याची मादी घरटे बांधत नाही. ती अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते, आणि ती उबवण्यापासून पिल्लू उडते होईपर्यंतचे सगळे काम कावळ्याची जोडी करते. दुसऱ्या जातीच्या पक्ष्याकडून अशी पिल्ले वाढवून घेण्याला वीण परजीविता म्हणतात. मराठवाड्यात ही पद्धत कोकीळ, पावशा आणि चातक यांच्यात नेहमी दिसते. त्यांच्याच कुळातला भारद्वाज मात्र स्वतः घरटे बांधतो आणि आपली पिल्ले आपणच वाढवतो. म्हणजे ही सवय साऱ्या कुळाची नाही. या नोंदीत मुख्यतः कोकीळ आणि गावकावळा यांच्याबद्दल माहिती आहे, कारण हा सगळा खेळ गावात, बसस्थानकाच्या किंवा शाळेच्या आवारातल्या झाडावर, कोणालाही पाहता येतो.

मराठवाड्यात उन्हाळा चढला की कावळ्याच्या घरट्याकडे लोकांचे लक्ष एरवीही असते. घरटे झाडाच्या मध्यावर, भक्कम बेचक्यात असले तर पाऊस चांगला होणार आणि शेंड्याला असले तर वर्ष कोरडे जाणार, असा ठोकताळा जुनी माणसे सांगतात. ठोकताळा खरा ठरो वा न ठरो, त्यामागचे वेळापत्रक खरे आहे. गावकावळ्याची वीण साधारण एप्रिल ते जूनमध्ये होते आणि पिल्ले मोठी होण्याच्या सुमारास पहिला पाऊस येऊन किडे वाढतात. कोकिळेची वीण याच वेळापत्रकावर बेतलेली आहे. कोकीळ नर फाल्गुन-चैत्रापासून ‘कुहू’ घालू लागतो आणि पावसाळ्यात गप्प होतो. तो गप्प झाला म्हणजे परगावी गेला असे नाही. हिवाळ्यातही तो वड, पिंपळ, उंबराच्या फळांवर असतो, फक्त ऐकू येत नाही.

गाणारा काळाभोर, लाल डोळ्यांचा पक्षी नर असतो. मादी तपकिरी असून तिच्या अंगभर पांढरे ठिपके व पट्टे असतात. कडुनिंबाच्या दाट पाल्यात ती बसली तर शेजारच्या फांदीवरूनही सापडत नाही. तिचा आवाज ‘किक्-किक्-किक्’ असा घाईचा आणि कर्कश असतो. घरट्यात शिरण्याची एक पद्धत अशी: नर उघड्यावर येऊन ओरडतो, कावळे चिडून त्याच्या मागे लागतात आणि तेवढ्यात मादी अंडे घालून निघून जाते. हे वर्णन सगळीकडे ऐकायला मिळते आणि त्यात तथ्यही आहे. पण प्रत्येक वेळी जोडीने केलेला डाव असतोच असे नाही. बहुतेक वेळा मादी एकटीच येते, घरटे मोकळे दिसले की संधी साधते. कधी ती कावळ्याचे एखादे अंडे काढूनही टाकते.

कोकिळेचे अंडे कावळ्याच्या अंड्यासारखे दिसते हे खरे. दोन्हींचा रंग हिरवट असतो आणि वर तपकिरी डाग असतात. पण ते हुबेहूब नसते. कावळ्याचे अंडे सुमारे ३७ मिलिमीटर लांब, कोकिळेचे जेमतेम ३०-३१ मिलिमीटर. शिवाय कावळ्याच्या अंड्यावर निळसर झाक असते, कोकिळेचे राखट हिरवे दिसते. दोन्ही शेजारी ठेवली तर लहान मूलही वेगळी काढील. कावळ्यासारखा हुशार पक्षी मग फसतो कसा, हा प्रश्न खरा इथे सुरू होतो.

त्याचे बरेचसे उत्तर नफा-तोट्याच्या हिशेबात आहे. कावळ्यांच्या अंड्यांच्या रंगात आणि डागांत मुळातच बराच फरक असतो. वेगळे दिसेल ते अंडे फेकायचे असा नियम कावळ्याने पाळला, तर केव्हातरी त्याचे स्वतःचेच अंडे फेकले जाईल. ज्या वर्षी घरट्यात कोकीळ आलेलीच नाही, त्या वर्षी तर अशा संशयातून निव्वळ नुकसान होणार. त्यात पहिल्यांदाच अंडी घालणाऱ्या जोडीला आपले अंडे कसे असते याचा आधीचा अनुभव नसतो. त्यामुळे घरट्यात आहे ते उबवत राहणे हाच कावळ्याचा व्यवहार झाला आहे. त्याची लढाई घरट्याच्या बाहेर चालते: कोकीळ दिसला की त्याला पिटाळायचे. गावात कावळे कोकिळाच्या मागे लागलेले वारंवार दिसतात ते याचसाठी. अंडे एकदा आत पडले की कावळा त्यावर सहसा आक्षेप घेत नाही.

अंड्याच्या रंगापेक्षा कोकिळेचा डाव वेळेवर जास्त अवलंबून असतो. पाकिस्तानातील एका अभ्यासात असे दिसले की कावळ्याचे पहिले अंडे पडल्यावर सरासरी दीड दिवसाच्या आत कोकिळेचे पहिले अंडे त्या घरट्यात पडते आणि तिचे पिल्लू कावळ्याच्या पिल्लांपेक्षा सुमारे तीन दिवस आधी बाहेर येते. रिकाम्या घरट्यात कोकीळ सहसा अंडे घालत नाही. तिला घरट्यांवर रोज नजर ठेवावी लागते.

हे एका घरट्यावर मांडून पाहू. समजा, परभणीतल्या एखाद्या कडुनिंबावर कावळीने १० मे रोजी पहिले अंडे घातले आणि रोज एक याप्रमाणे १३ मेपर्यंत चार अंडी झाली. कोकिळेने ११ मेच्या संध्याकाळी आपले अंडे त्यात टाकले. कावळ्याचे अंडे उबायला १६-१७ दिवस लागतात, कोकिळेचे १२ ते १४ दिवसांत उबते. कावळीने पहिल्या अंड्यापासूनच बैठक मारली असे धरले, तर कोकिळेचे पिल्लू २४ मेच्या आसपास बाहेर येईल. कावळ्याचे पहिले पिल्लू २६-२७ मेला आणि शेवटचे २९-३० मेला. म्हणजे शेवटचे पिल्लू डोळे मिटून पडलेले असताना कोकिळेचे पिल्लू पाच-सहा दिवस खाऊन-पिऊन तयार झालेले असते. घास आणणारा कावळा जी मान सगळ्यांत उंच आणि जे तोंड सगळ्यांत मोठे, तिथे घास देतो. मागे राहिलेली कावळ्याची पिल्ले उपाशी राहतात आणि त्यांतली काही मरतात.

आता हेच अंडे आठवडाभर उशिरा, १८ मेला पडले असे समजा. पिल्लू ३१ मेच्या सुमारास बाहेर येईल. तोवर कावळ्याची पिल्ले एक ते पाच दिवसांची झालेली असतील, आणि कावळा मुळात अंगाने मोठा पक्षी. मग उपासमार कोकिळेच्या पिल्लाच्या वाट्याला येते.

युरोपातल्या कोकिळेबद्दल शाळेच्या पुस्तकातून आलेले चित्र इथे लागू पडत नाही, आणि ही गल्लत मराठीत फार होते. त्या पक्ष्याचे उघडे-नागडे पिल्लू जन्मल्यावर थोड्याच वेळात घरट्यातली बाकीची अंडी पाठीवर घेऊन काठावरून बाहेर ढकलते. इंग्रज वैद्य एडवर्ड जेन्नर याने हे निरीक्षण १७८८ मध्ये प्रसिद्ध केले होते. देवीची लस शोधणारा तो हाच. आपल्या कोकिळेचे पिल्लू कावळ्याच्या घरट्यात सहसा असे करत नाही. कावळ्याचे घरटे काटक्यांचे, खोलगट, आणि शहरात तर बांधकामावरच्या तारांचे तुकडे ओवलेले असते. त्यातून आपल्यापेक्षा मोठे अंडे काठापर्यंत चढवणे लहानशा पिल्लाला परवडणारे नाही. जोर खर्ची पडेल आणि कदाचित ते स्वतःच खाली पडेल. त्यापेक्षा आधी जन्मून आधी खाणे सोपे. म्हणूनच काही घरट्यांतून कोकीळ आणि कावळा दोघांचीही पिल्ले उडताना दिसतात.

कोकिळेचे पिल्लू २० ते २८ दिवसांत घरटे सोडते. वरच्या उदाहरणात ही वेळ मृग नक्षत्रात येते. त्यानंतरही काही दिवस ते कावळ्याच्या मागे पंख थरथरवत, तोंड वासून फिरते. सुरुवातीला त्याची ओरडही कावळ्याच्या पिल्लासारखी असते आणि रंगही काळपट. ऑस्ट्रेलियातल्या जवळच्या जातीत पिल्ले वाढवणारे यजमान कावळे नसतात आणि तिथली पिल्लेही काळी नसतात, हे इथे लक्षात घेण्यासारखे आहे. कोकीळ मादी कधीकधी परक्या घरट्यातल्या आपल्या पिल्लाला स्वतः घास देताना आढळली आहे. नराबद्दल तशी नोंद नाही. मोठे झाल्यावर मात्र ते पिल्लू काव-काव करत नाही. कोकिळकुळातल्या पक्ष्यांना आपली हाक शिकावी लागत नाही, ती जन्मजात असते.

सगळीकडे यजमान कावळाच असतो असेही नाही. बांगलादेशात कोकिळेची अंडी साळुंकीच्या आणि खाटीक या पक्ष्याच्या घरट्यातही सापडतात. मराठवाड्यात डोमकावळ्याचे घरटेही तिला चालते.

पावशाचा मार्ग वेगळा. त्याचा ‘पेरते व्हा’ हा पुकारा मराठवाड्यातला शेतकरी पेरणीचा इशारा मानतो. खरे तर नर आपली हद्द आणि जोडीदार यांसाठी ओरडत असतो, आणि त्याच दिवसांत सातभाई पक्ष्यांची वीण चालू असते. पावशाचे रूप शिक्रा या ससाण्यासारखे असल्याने छोटे पक्षी त्याला पाहून दचकतात. मादी सातभाईच्या घरट्यात एकच निळे अंडे घालते आणि ते यजमानाच्या अंड्यांत अगदी मिसळून जाते. पिल्लू बहुधा यजमानाची अंडी बाहेर काढते आणि उडू लागल्यावरही जवळपास महिनाभर सातभाईंच्या थव्यामागे भीक मागत हिंडते. चातकही सातभाईकडेच जातो, पण त्याची मादी घाईत काठावरूनच अंडे टाकते आणि त्या धक्क्याने यजमानाची एखाद-दुसरी अंडी तडकतात.

मे-जूनमधल्या वादळी वाऱ्यात घरटी पडतात आणि झाडाखाली काळे पिल्लू सापडते. ते कावळ्याचे की कोकिळेचे हे रंगावरून ठरवू नये. पाय पाहावेत. कावळ्याची तीन बोटे पुढे आणि एक मागे असते. कोकिळेची दोन पुढे, दोन मागे. पिल्लू धडधाकट असेल तर ते त्याच झाडाच्या सावलीच्या फांदीवर ठेवून दूर व्हावे. कावळे त्याला तिथे येऊन भरवतात, आणि उचलणाऱ्याच्या डोक्यावर चोची मारतात त्या दोन्ही जातींच्या पिल्लांसाठी सारख्याच.